शटर १/१०० वर गेलं आणि पट्टे गेले: लालबागच्या कारखान्यातली आखणी

मंडळी, आखणीचे, म्हणजे गणपतीच्या मूर्तीचे डोळे रेखाटतानाचे फोटो अखेर लागले. बाप्पाच्या डाव्या डोळ्यावर टेकलेलं ब्रशचं टोक, शंभर टक्के झूम केल्यावर त्यातला केस न् केस वेगळा दिसतोय, आणि गेल्या अपडेटमध्ये ज्यांनी डोकं उठवलं होतं ते काळे आडवे पट्टे पार गायब. आयएसओ ३२०० आहे, दाणे आहेत, ए३ प्रिंटला ते मला चालतात.

नव्याने आलेल्यांसाठी जागेचा अंदाज. लालबागमधला मध्यम आकाराचा कारखाना, वर निळी ताडपत्री, बाहेर पाऊस, आत रांगेने पांढऱ्या प्रायमरातल्या मूर्ती. छताला दोन एलईडी ट्यूब आणि आखणी करणाऱ्या काकांच्या डोक्यावर वायरीने लोंबणारा एक ९ वॉटचा बल्ब. ट्रायपॉड लावायला जागाच नाही, पाय पसरले तर कुणाचा तरी रंगाचा डबा लवंडणार. फ्लॅशचा विषय काकांनी पहिल्याच भेटीत संपवला होता: "आखणीला फ्लॅश मारायचा नाय हां. हात हलला तर डोळा गेला." शटरच्या खटखटीचाही त्यांना त्रास होतो, म्हणून मी सायलेंट मोडवर होतो. पट्ट्यांचं मूळ तिथेच निघालं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातले एलईडी तिच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला मंद होतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. उजळ-मंद मिळून दिव्याची एक फेरी. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. सायलेंट शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि माझ्या कॅमेऱ्यात ते काम सावकाश चालतं. १/२०० ला प्रत्येक ओळीला दिव्याची अर्धीच फेरी मिळते. काही ओळींच्या वाट्याला उजळ अर्धी, काहींच्या वाट्याला मंद. म्हणून पट्टे. ते मोजले तर वाचनाचा वेळही कळतो. माझ्या फ्रेममध्ये साधारण पाच गडद पट्टे होते, पाच फेऱ्या म्हणजे ५/१००, अर्थात सेन्सर पूर्ण वाचायला १/२० सेकंद. तुमच्या कॅमेऱ्याचा हा आकडा माहितीपत्रकात सापडला नाही तर घरच्या बल्बखाली असाच काढा.

शटर १/१०० ला ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोब्बर एक पूर्ण फेरी मिळते. फेरी कुठून सुरू झाली याने काही बिघडत नाही, बेरीज सारखीच येते. १/५० ला दोन पूर्ण फेऱ्या, तेही चालतं. १/१२५ ला मात्र फेरीचा ऐंशी टक्केच भाग पदरात पडतो, त्यामुळे फिकट पट्टे राहतात आणि ते सपाट पांढऱ्या प्रायमरावरच नेमके उठून दिसतात. मेकॅनिकल शटरला हे वेगळ्या रूपात येतं. पडदा सेन्सरवरून फेरीपेक्षा कमी वेळात जातो, म्हणून पट्ट्यांऐवजी अर्धी फ्रेम काळवंडते, आणि बर्स्टमधला एक फोटो उजळ तर पुढचा मंद.

आता मी आत शिरलो की पहिलं काम ठरलेलं आहे: पांढऱ्या भिंतीचे १/१००० ला चारपाच फोटो. एकसारखे आले तर दिवे सरळ आहेत, हवं ते शटर वापरा. कमीजास्त आले तर १/१०० आणि १/५० एवढेच पर्याय. जुना पिवळा बल्ब यात बराच सभ्य, कारण त्याची तार तापलेली राहते आणि शंभराव्या हिश्श्यात फारशी विझत नाही. जुन्या चोकवाल्या ट्यूबा मात्र एलईडीइतक्याच डँबिस.

शटर असं दिव्याने ठरवून टाकल्यावर खरी मारामारी सुरू झाली, कारण हातातल्या कॅमेऱ्याने आणि हलत्या ब्रशने १/१०० मध्ये शार्प यायला हवं. गणित मांडून बघितलं. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम, अंतर एक मीटर. ब्रश समजा सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकतोय. १/१०० सेकंदात तो अर्धा मिलिमीटर जातो, तो सेन्सरवर उमटतो साधारण ०.०२६ मिलिमीटर. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हे सहासात पिक्सेल होतात, म्हणजे टोक फेंगडं दिसणारच. हे टाळायला १/५०० हवं, आणि ते या दिव्याखाली मिळणं नाही.

उपाय काकांच्या हातातच होता. रेघ ओढताना ते श्वास रोखतात, रेघ संपली की ब्रश उचलण्याआधी क्षणभर टेकवून ठेवतात. त्या क्षणी ब्रश जवळजवळ स्थिर असतो. रेघेच्या मध्यात काढलेले सगळे फोटो पुसट आणि रेघेच्या टोकाला काढलेले बरेचसे खणखणीत. म्हणून आता नजर व्ह्यूफाइंडरमधून काकांच्या मनगटावर. मनगट थांबलं की तीन फोटोंचा छोटा बर्स्ट. त्यात मधला बहुतेक वेळा सर्वांत चांगला निघतो, कारण पहिल्यात बटण दाबल्याचा धक्का असतो.

एवढं करूनही डोळा मऊ येतच होता. इथे एक गोष्ट फार उपयोगी पडली: मुकुटाचे खडे. त्यांवरची चमक म्हणजे फुकटचा टेस्ट चार्ट. झूम करून बघा. प्रत्येक चमकेची एकाच दिशेला छोटी रेघ झाली असेल तर कॅमेरा हलला. चमक टिंब आहे आणि फक्त हात पुसट आहे, तर कारागीर हलला. चमक गोल फुगलेली, आणि मूर्तीचा कान किंवा खांदा मात्र चोख, तर फोकस चुकला. माझ्या बहुतेक वाया गेलेल्या फोटोंत तिसरा प्रकार होता. म्हणजे शटरला शिव्या घालण्यात अर्थ नव्हता.

एफ १.८ ला, एक मीटरवर, शार्प दिसणारी जागा उणीपुरी २७ मिलिमीटर, म्हणजे पुढेमागे तेरा-तेरा. आणि मी वाकून, दोन पाटांच्या मधल्या फटीत एका पायावर भार टाकून उभा. फोकस लॉक करून फ्रेम जुळवेपर्यंत शरीर सेंटिमीटरभर तर सहज झुलतं. डोळ्यावर बसलेला फोकस तेवढ्यात कानावर जातो. एफ २.८ ला हीच जागा साधारण ४३ मिलिमीटर होते. ब्रशचं टोक, डोळा आणि थोडी भुवई तिच्यात मावते, वर झुलायलाही वाव राहतो. एफ ४ ला ६० च्या आसपास, पण मग आयएसओ ६४०० लागतो, आणि एवढ्या खोलीची मला गरज नव्हती.

दुसरा बदल फोकस मोडचा. एकदा लॉक करून मोकळं होण्याऐवजी सतत फोकस, पाठीमागच्या बटणावर, आणि फोकसचा चौकोन आधीच डोळ्याच्या जागी सरकवलेला, म्हणजे नंतर फ्रेम हलवायला नको. मी झुललो की लेन्सही माझ्यामागे सरकते. माझ्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि पन्नासमध्येही नाही, त्यामुळे कोपरं बरगड्यांना टेकवून ठेवतो. पन्नासचा क्रॉपवर कोन पंचाहत्तरचा, जुन्या हिशोबाने १/८० पुरावं, म्हणजे १/१०० काठावर पास. बांबूला टेकू नका. त्याच बांबूला कुणीतरी दर मिनिटाला धरतं आणि तुमच्यासकट सगळं हलतं.

शटर दिव्याने ठरवलं, अ‍ॅपर्चर माझ्या झुलण्याने. आयएसओला पर्यायच उरला नाही, तो ऑटोवर. तरी एक खोच आहे. फ्रेमभर पांढरा प्रायमर असला की मीटर त्याला करडं करायला बघतो आणि आयएसओ १६०० वरच थांबतो. कॉम्पेन्सेशन अधिक एक केल्यावर तो ३२०० ला गेला आणि पांढरं पांढरं दिसलं. इथे काही जण घाबरून १६०० वरच काढतात आणि घरी येऊन उजळतात. त्याने पदरात काही पडत नाही. दाणे येतात ते प्रकाश कमी पडल्याने, आणि शटर नि अ‍ॅपर्चर तेच असेल तर सेन्सरवर प्रकाशही तेवढाच पडलेला असतो. नंतर उजळलेला फोटो फार तर बरोबरीचा येतो, जेपेग असेल तर उघड वाईट. मुकुटाची चमक जळतेय का एवढं हिस्टोग्रामवर बघा.

फोर्टातल्या एका दुकानदाराने मला ३५ एमएम एफ १.४ वापरलेली दाखवून ठेवली आहे, आणि "डीम लाइटला हीच" हे पालुपद प्रत्येक फोनवर. घ्यायची म्हणून पैसेही बाजूला काढले होते. पण वरचं लिहिता लिहिता लक्षात आलं की एफ १.४ मी इथे उघडणारच नाही, २.८ खाली जायची सोयच नाही. आणि डोळा तेवढाच मोठा हवा म्हणून ३५ घेऊन पुढे सरकलो, तर त्याच अ‍ॅपर्चरला खोली जवळपास तेवढीच राहते. वर काकांच्या कोपराच्या आणखी जवळ. रद्द. पन्नासची साधी स्वस्त लेन्स एफ २.८ ला मधोमध इतकी चोख आहे की या कामात तिच्यावर जास्त खर्च करणं मला पटत नाही.

त्यापेक्षा बल्बाकडे बघायला हवं. काका स्वतःच डोळ्याच्या वेळी तो ओढून जवळ घेतात. मीटरभरावरचा बल्ब सत्तर सेंटिमीटरवर आला की त्याचा प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे आयएसओ ३२०० चा १६००, एक रुपया न खर्चता. आजवर मी त्या आधीच्या, दूरच्या बल्बावरच मोजणी करून बसत होतो. पुढच्या वेळी बल्ब खाली आल्यावरच सुरुवात, आणि उभं राहायचं बल्बाच्या बाजूला, म्हणजे काकांच्या हाताची सावली डोळ्यावर पडणार नाही.

आणखी एक विचार आत्ताच आला. काकांची हरकत नसेल तर तो बल्बच बदलून बघावा. लोहार चाळीत न लुकलुकणारे म्हणून विकले जाणारे एलईडी मिळतात, खोक्यावरच्या शब्दावर विश्वास न ठेवता दुकानातच १/१००० ची चाचणी करून घ्यायची. पास झाला तर निदान जवळच्या प्रकाशापुरतं शटर मोकळं होईल. छताच्या ट्यूबा लुकलुकत राहतीलच, मागच्या मूर्तींवर पट्टे दिसतील, पण दोन स्टॉप मंद असलेल्या पार्श्वभूमीवर ते किती खुपतात ते बघायचंय. १/२०० ला, बल्ब सत्तरवर, एफ २.८, हिशोबाने आयएसओ ३२००. म्हणजे आजच्याइतकेच दाणे आणि ब्रशचं फेंगडेपण निम्मं. कुणी असा बल्ब आधीच तपासला असेल तर कंपनी आणि वॉट सांगा, मी शनिवारी लोहार चाळीत जाणार आहे.