तंजावरच्या जोत्यावरची जमाखर्चाची वही

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर बहुतेक लोक मान वर करून पाहतात. मी मात्र दोन दिवस खाली, विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या, जोत्याकडे पाहत फिरलो, कारण एवढे मोठे देवस्थान रोज कशावर चालत असे, याचे उत्तर तिथल्या तमिळ शिलालेखांत आहे. राजराज चोळाने आपल्या राज्याच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे 1010च्या सुमारास, आज्ञा केली की आम्ही दिलेले, आमच्या अक्काने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व दान या दगडी विमानावर कोरावे. ही अक्का म्हणजे कुंदवै.

या लेखांतले ग्रामदान वाचताना आपल्याकडच्या इनामाची आठवण ठेवावी. गाव देवाला दिले म्हणून कुळे उठवली गेली असे नाही. राजाचा वाटा देवाकडे वळवला गेला. देवाच्या अशा गावांना देवदान म्हणत आणि ब्राह्मणांना दिलेल्या गावांना ब्रह्मदेय. पूजा करणाऱ्याच्या निर्वाहासाठी वेगळी काढलेली जमीन म्हणजे अर्चनाभोग. प्रत्येक गावाचे एकूण क्षेत्र सांगून त्यातून गावठाण, कारागिरांची वस्ती, अस्पृश्य मानलेल्या परैयर लोकांची वेगळी वस्ती, तळी, पाट आणि स्मशान वजा केले आहे आणि उरलेल्या जमिनीवर भाताचा सारा ठरवला आहे. वजाबाकीच्या या रुक्ष ओळींत गावाची जातवार रचनाही आपोआप उघडी पडते, आणि माझ्या मते या लेखांचे खरे मोल तिथेच आहे. साऱ्याचा दर साधारणपणे दर वेलीला (आजच्या मापाने सुमारे साडेसहा एकर) शंभर कलम भात असा पडतो; कलम हे धान्याचे माप. मोजण्याच्या मापाचे नाव ‘आडवल्लान’, म्हणजे नृत्यनिपुण, देवाचेच नाव.

या भातातून माणसे पोसली जात. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे स्त्रियांना प्रत्येकी एक घर आणि एक वाटा मिळे. वाटा म्हणजे एका वेलीचे उत्पन्न, शंभर कलम. बारा कुरुणींचा कलम आणि आठ नाळींची कुरुणी धरली, तर रोज सुमारे सव्वीस नाळी भात होतो. फक्त या स्त्रियांसाठीच वर्षाला चाळीस हजार कलम लागत. इथे एक चूक सहज होते: ती स्त्री त्या वेलीची मालकीण नव्हती, वाटा कामाला जोडलेला होता. वाटेकरी मेला किंवा परगावी गेला तर जवळच्या नातलगाने तो वाटा घेऊन काम करावे, आणि तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस नेमावा, असे नियम स्पष्ट लिहिले आहेत. वतनाची कल्पना असलेल्या मराठी वाचकाला हे फार परके वाटणार नाही.

दिव्यांची व्यवस्था आणखी बारकाईची आहे. एका नंदादीपासाठी 96 मेंढ्या, किंवा 48 गाई, किंवा 16 म्हशी मेंढपाळ-गवळ्यांच्या स्वाधीन केल्या जात आणि त्यांनी रोज एक उळक्कु तूप पोचवायचे. उळक्कु म्हणजे पाव नाळी, तेव्हा वर्षाचे एक्क्याण्णव नाळींहून थोडे अधिक, एक कलमही पुरे नाही. मेंढ्या मरोत वा म्हाताऱ्या होवोत, तूप कमी होऊ नये म्हणून तमिळ लेखांत अशा कळपाला ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या’ म्हटलेले आढळते. म्हणजे कळप वाढता ठेवण्याची जोखीम देवळाने स्वतःकडे घेतलीच नाही. रोख देणग्यांचेही तसेच: काशु नाणी गावांच्या सभांकडे व्याजाने ठेवत, व्याज काशुमागे वर्षाला अष्टमांश काशु किंवा तीन कुरुणी भात. म्हणजे आठ काशु ठेवले की दर वर्षी एक काशु खर्चायला मोकळा, आणि मुद्दल कायम.

तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. भिंतीवर काय द्यायचे ठरले ते आहे. किती पोचले ते नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे. तिरुचिरापल्लीहून रेल्वेने किंवा बसने तंजावर गाठणे सोपे आहे. मी पहिल्या दिवशी भर दुपारी गेलो आणि पाय भाजून परतलो. आवारात अनवाणी चालावे लागते, आणि डोक्यावरच्या उन्हात अक्षरे सपाट दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर, उजेड तिरका पडतो तेव्हा जावे. दुपारी गाभारा बंद असतो. ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’चा दुसरा खंड, ज्यात हुल्ट्झ यांचे इंग्रजी भाषांतर आहे, फोनवर उतरवून घ्यावा आणि एकच लेख निवडून तो दगडावर शोधावा, सगळे वाचायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. लेख थरांच्या ओळीने पुढच्या भिंतीवर वळतो, म्हणून कोपऱ्यापाशी तो संपला असे समजू नये.

आवाराच्या भिंतीवरच सरफोजी राजांच्या काळचा, 1803चा मोठा देवनागरी लेख आहे. तो मराठीत असल्याने भाषांतर लागत नाही, पण त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे; भाताचा हिशेब शोधायचा तर पुन्हा विमानाच्या जोत्याकडेच यावे लागते.