केळवणं उरकेपर्यंत पक्की शिलाई नाही

लग्नाचा ब्लाउज टाकायला आलेली पोरगी आजकाल माप द्यायच्या आधीच सांगते, "काकू, मी वजन कमी करणारे, त्या हिशेबानं शिवा." यंदा मे महिन्यातल्या लग्नाची एक मुलगी अशीच आलेली, तासगावची, नोकरी पुण्यात. फेब्रुवारीत आईला घेऊन सांगलीत माझ्या दुकानात आली. पैठणीचा ब्लाउज, बाहीला आणि मागच्या गळ्याला आरी वर्क. छाती ३८ भरली, ती म्हणाली ३५ नं कापा.

मी नाही म्हणून सांगितलं. वजन कुठनं उतरेल हे कुणाला सांगता येत नाही, कुणाची कंबर आधी जाते, कुणाची छाती, आणि दंड तर बऱ्याच जणींचे शेवटपर्यंत तसेच राहतात. मोठं शिवलेलं आत घेता येतं, लहान कापलेलं वाढवायला कापड आणायचं कुठनं, साडीला ब्लाउजपीस एकच असतो. म्हणून आज अंगावर आहे त्याच मापानं कापायचं आणि आत दाब, म्हणजे शिलाईच्या आत जादाचं कापड, सोडायचा.

हा दाब बाजूच्या शिलाईला सगळेच सोडतात, पण बाहीला सोडत नाहीत, आणि गंमत तिथंच आहे. बाजू उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेकडचा घेर, मोठा केला की बाही त्याला पुरत नाही, मग बाजूला दोन इंच सोडलेत त्याचा उपयोग काय? मी बाजूला दीड इंच सोडला तर बाहीच्या खालच्या शिलाईलाही तेवढाच सोडते. अस्तर आधी भिजवून वाळवून घेते, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि मग लोक म्हणतात टेलरनं घट्ट केलं.

भांडण झालं ते आरीवाल्याशी. आरी वर्क कापड फ्रेमवर ताणून, कापायच्या आधी होतं, म्हणजे डिझाइन कुठं संपणार हे तेव्हाच ठरतं. त्याला बाही पूर्ण भरून हवी होती, फोटोत तशीच दिसते म्हणे. मी खडूनं रेघ मारून दिली, काखेच्या शिलाईच्या दोन्ही बाजूला दोन-दोन इंच कोरं ठेव. मणी शिलाईत आले की ती बाही ना आत घेता येते ना सोडता येते, मणी फोडत बसायचं. काखेतलं बघतंय कोण, पण या कारागिरांना ते पटतच नाही.

एप्रिलच्या मध्याला पहिली ट्रायल ठेवली, बाजू आणि बाही कच्च्या टाक्यावर. लग्नादिवशी घालणार तीच ब्रा घालून ये असं आधीच फोनवर सांगितलेलं, कारण ब्रा बदलली की टक्सची, म्हणजे छातीच्या आकारासाठी घातलेल्या चुण्यांची, टोकं वरखाली होतात. छाती ३६ झालेली, दंड होता तसाच. दोन इंच काढायचे म्हणजे एका बाजूला एक इंच, त्यात पुढच्या भागाला अर्धा आणि मागच्याला अर्धा. एवढं बाजूनं निघतं. याच्यापुढं गेलं की मुंढा ओढतो, टक्स काखेकडं सरकतात, मग टक्स उसवून नव्यानं बसवायला लागतात. बाहीचा वरचा घेर मुंढ्याएवढा केला आणि खाली दंडाकडं निमुळता करत जुन्याच रेघेला नेऊन सोडला.

आई म्हणाल्या, "ताई, आता पक्कं करून टाका की, आणि आतलं जादाचं कापा, फुगतंय ते." मी कापलं नाही, मशीनही मारली नाही, हातानंच बारीक सुईनं टाके घातले. रेशमावर मशीनची शिलाई उसवली की भोकांची रांग दिसते. नखानं घासून, वाफ देऊन थोडी मिटते, जरीवर अजिबात मिटत नाही. आत घेताना मारलेली रेघ पुन्हा सोडायची वेळ आली की बाहेर येते, बरोबर काखेखाली, जिथं हात वर केला की फोटोत दिसतं.

आणि वेळ आलीच. लग्न रविवारी, मुलगी आदल्या सोमवारी आली. सुट्टी घेऊन गावी आल्यापासनं रोज कुणाकडं तरी केळवण, पुरणपोळी, श्रीखंड, नाही म्हणून चालत नाही. छाती ३७. हुक लागत होते पण पुढं मध्ये फट पडत होती. टाके ओढून काढले, पाव-पाव इंच सोडलं, हलकी इस्त्री फिरवली, कुठं खूण नाही. शेवटची केळवणं बुधवारी होती म्हणून गुरुवारी परत घालून बघितलं आणि मग मशीन मारली.

डोक्यात अजून घोळतंय ते आरीचं. सीझनला कारागीर कापड दीड-दोन महिने आधी मागतात, म्हणजे मागच्या गळ्याची रुंदी त्या जुन्या मापावरच कायम होते. बाजू मी गुरुवारपर्यंत हातात ठेवू शकते, गळा नाही. हिच्या खांद्यात फरक पडला नाही म्हणून बसला. खांदे उतरले असते तर मागचा गळा उघडाच पडला असता, मग आतनं दोरी लावण्यापलीकडं काही करता आलं नसतं. पुढच्या सीझनला गळ्याचं काम वेगळ्या पट्टीवर करून घ्यायचं आणि ती ट्रायलनंतर बसवायची असं मनात आहे, पण पैठणीच्या एका ब्लाउजपीसात तेवढी पट्टी निघते का, ते कापड पसरून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.