बरोबर जुळलेला चौकोन आणि आटलेलं दूध

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरून उन्हाळ्यात फोन आला. सहा संकरित गाई, खुराक घरीच मिसळून देतात आणि दूध उतरत चाललंय. आबा फोनवर म्हणाले, "डॉक्टर, सूनबाईनं वहीत गणित मांडून खुराक बनवलाय. गणित बरोबर हाय म्हणते. मग गाईंना काय झालं?"

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. दूध कमी झालं की आधी आजार पाहायचा, हा आमचा शिरस्ता. ताप नव्हता, सडाच्या तपासणीत दगडी नव्हती, रवंथ चालू होता, पाणी भरपूर होतं. मग मी प्रत्येक गाईचं दूध वेगळं विचारलं. तिथे धागा सापडला. नुकत्याच व्यालेल्या दोन गाई चौदा लिटरवरून साडेदहा-अकरावर आल्या होत्या. आटत आलेल्या दोन गाईंचं, चार-पाच लिटरवाल्यांचं, दूध होतं तेवढंच होतं. उन्हाचा त्रास म्हणावा तर तो साऱ्या गोठ्याला थोडाफार झाला असता. जास्त दुधाची गाय तेवढी खाली येते आणि कमी दुधाची जागची हलत नाही, तेव्हा दावणीतल्या खुराकाकडे बघावं लागतं. कमी दुधाच्या गाईचं थोडक्यात भागतं, जास्त दुधाच्या गाईचं नाही.

वहिनींनी वही आणली. दोन वस्तू कोणत्या प्रमाणात मिसळायच्या ते काढायची चौकोन पद्धत त्या एका प्रशिक्षणात शिकल्या होत्या आणि अक्षर, आकडे सगळं नेटकं होतं. सरकी पेंडेचा भाव चढला म्हणून त्यांनी पेंड बंद केली होती. घरची मका आणि बाजारातला गव्हाचा भुसा, एवढ्या दोनच वस्तूंवर खुराक बसवला होता. पूर्वीच्या गोळीपेंडीच्या पोत्यावर २० टक्के प्रथिने लिहिलेली असत, म्हणून चौकोनाच्या मधोमध २० लिहिलं होतं. डाव्या बाजूला वर मका ९, खाली भुसा १५. तिरपी वजाबाकी केली होती: २० मधून १५ गेले, ५ राहिले, ते मक्यासमोर. २० मधून ९ गेले, ११ राहिले, ते भुशासमोर. एकूण १६ भाग. शंभर किलोला मका ३१ किलो, भुसा ६९ किलो. बेरीज शंभर. चौकोन अगदी बरोबर जुळला होता.

मी म्हटलं, "वहिनी, आता उलट हिशोब करा. ३१ किलो मक्यातून प्रथिने किती आली?"

त्यांनी तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसून मांडलं. मक्यातून पावणेतीन किलोच्या आसपास, भुशातून दहा किलोच्या थोडं वर. एकूण तेरा. त्या दोन वेळा गुणाकार तपासून म्हणाल्या, "पण मी तर वीस धरलं होतं."

९ टक्क्यांची आणि १५ टक्क्यांची वस्तू कितीही कमीजास्त मिसळली तरी मिश्रण ९ आणि १५ च्या मध्येच कुठेतरी राहणार. वीस होण्याचा प्रश्नच नाही. चौकोनाची पहिली अट हीच आहे की मधला आकडा डावीकडच्या दोन आकड्यांच्या दरम्यान हवा. एक त्याच्यापेक्षा कमी, एक जास्त. ही अट मोडली तरी कागदावर काहीच अडत नाही, कारण वजाबाकी करताना आपण मोठ्यातून लहान वजा करतो आणि उत्तर येतं. बेरीज शंभर होते म्हणून खात्री पटते. पण बेरीज शंभर होणं हे प्रमाण काढल्याचं लक्षण आहे, प्रथिने भरल्याचं नाही. म्हणून चौकोन मांडला की शेवटी प्रत्येक वस्तूचे किलो आणि तिचे टक्के गुणून बेरीज पाहायचीच.

नुकसान किती होत होतं तेही आम्ही काढलं. व्यालेल्या गाईला दिवसाला सहा किलो खुराक जात होता. वीसच्या जागी तेरा, म्हणजे सात टक्के कमी, म्हणजे दिवसाला चारशे ग्रॅमहून जास्त प्रथिने कमी. एक लिटर दुधासाठी गाईला साधारण ९० ग्रॅम प्रथिने लागतात. त्यात वैरणीतून भर पडेल म्हणावं तर पाणी कमी झाल्यामुळे लसूणघास मोडला होता. गव्हाणीत ज्वारीचा कडबा आणि उसाचं वाढं होतं. दोन्हींनी पोट भरतं, प्रथिने नावालाच मिळतात. हाच खुराक भरपूर घासाबरोबर दिला असता तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुपारी आम्ही नवीन गणित मांडायला बसलो. बाजारात काय मिळतं आणि घरात काय आहे त्यावरून चार वस्तू ठरवल्या: मका, गव्हाचा भुसा, सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड. चौकोनात जागा दोनच असतात, म्हणून चार वस्तूंचे दोन गट करायचे. मक्याचे दोन भाग आणि भुशाचा एक, हा ऊर्जेचा गट. त्याची सरासरी: ९ आणि ९ आणि १५, भागिले तीन, म्हणजे ११ टक्के. सरकी पेंडेचे दोन भाग आणि शेंगदाणा पेंडेचा एक, हा प्रथिनांचा गट. टरफलासकटची सरकी पेंड मी २२ धरली, शेंगदाणा पेंड ४०. सरासरी २८. गटातलं प्रमाण आपण आधी ठरवायचं असतं, चौकोन ते सांगत नाही. इथे अनुभव लागतो.

मग खुराकात प्रथिने किती हवीत? मी १८ सुचवले. बारा-चौदा लिटरच्या गाईला कडब्याबरोबर तेवढे पुरतात, आणि वीस केले तर पेंडेचा खर्च उगाच वाढतो. वहिनी चौकोनात १८ लिहायला लागल्या आणि थांबल्या. "मिनरल अन् मीठ घालायचंय ना? त्यात कुठं प्रथिने असतात?"

नेमका प्रश्न होता. शंभर किलोत दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ जाणार. मग १८ किलो प्रथिने उरलेल्या ९७ किलोतूनच यायला हवीत. १८ ला ९७ ने भागून शंभरने गुणलं की साडेअठरा येतात. म्हणून चौकोनाच्या मध्ये साडेअठरा.

२८ मधून साडेअठरा वजा केले, साडेनऊ उरले, ते ऊर्जेच्या गटाचे भाग. साडेअठरातून ११ वजा केले, साडेसात उरले, ते प्रथिनांच्या गटाचे. एकूण १७ भाग. ९७ किलोत वाटले तर ऊर्जेचा गट ५४ किलो आणि प्रथिनांचा ४३ किलो. पुन्हा आतल्या प्रमाणात वाटले: मका ३६, भुसा १८, सरकी पेंड २९, शेंगदाणा पेंड १४. उलट हिशोब वहिनींनी न सांगता केला. १७.९ आले.

आबांचा मुद्दा भावाचा होता. "सरकी ३६ रुपये किलो, शेंगपेंड ४८. मग शेंगपेंड कशाला?" किलोचा भाव पाहिला तर ते बरोबर वाटतं. पण आपण पेंड घेतो ती प्रथिनांसाठी. सरकी पेंडेतून एक किलो प्रथिने मिळवायला त्या दिवशीच्या भावाने १६४ रुपये पडत होते, शेंगदाणा पेंडेतून १२०. तरीही सगळी शेंगदाणा पेंड घालायला मी तयार नव्हतो. सरकी पेंडेत तेल बरं असतं, फॅटला त्याची मदत होते. आणि शेंगदाणा पेंडेला बुरशी फार लवकर लागते. त्या बुरशीचं विष गाईच्या दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. त्यामुळे पोतं घेताना मी दुकानात पेंडेची ढेप मोडायला लावतो. आतून हिरवट-पिवळट डाग दिसला किंवा कुबट वास आला तर ते पोतं भाव कितीही उतरवला तरी नको. मोडलेल्या ढेपेत तपकिरी टरफलाचे तुकडे जास्त दिसले तर प्रथिने ४० भरणार नाहीत, हेही तिथेच कळतं.

सगळे आकडे शेवटी पुस्तकातले आहेत, पोत्यातला माल त्याप्रमाणे असेलच असं नाही. म्हणून दोन्ही पेंडींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. वहिनींना काळजी शेंगदाणा पेंडेची होती, कारण ती महाग. मला सरकीची होती. शेंगदाणा पेंड ४० ऐवजी ३७ निघाली तरी मिश्रणात तिचे १४ किलोच आहेत, अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो. सरकी २२ ऐवजी १८ निघाली तर २९ किलोंवर तो फरक सव्वा टक्क्याजवळ जातो.

मिसळण्याचंही एक सांगायला हवं, कारण गणित बरोबर असूनही तिथे खेळ बिघडतो. मका भरडून घ्यायची, पीठ करायचं नाही. पीठ खाली बसतं आणि गाईला ते बाधतंही. खनिज मिश्रण आणि मीठ थेट ढिगावर टाकलं तर एका घमेल्यात सगळं येतं आणि दुसऱ्यात काहीच नाही. त्या दिवशी आम्ही ते आधी पाच-सहा किलो भुशात हाताने चोळून घेतलं. मग ताडपत्रीवर मक्याचा थर, त्यावर भुसा, त्यावर फोडलेली पेंड, वर तो मिसळलेला भुसा. फावड्याने ढीग एका कडेवरून दुसऱ्या कडेला तीनदा पलटला. भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे खनिज मिश्रण महाग वाटलं तरी कमी करायचं नाही, हे मी आबांना दोनदा सांगितलं.

नवा खुराक एकदम सुरू केला नाही. जुन्यात थोडा थोडा वाढवत दहा दिवसांत पूर्ण बदलला. महिनाभरात व्यालेल्या दोन्ही गाई तेरा लिटरच्या वर आल्या. चौदा परत झाले नाहीत. व्याल्यानंतरचे पहिले आठवडे अपुऱ्या खुराकात गेले की त्या वेताचं दूध पूर्ण भरून निघत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. प्रयोगशाळेत सरकी २१ निघाली, शेंगदाणा पेंड ३८. म्हणजे खुराक साडेसतराच्या थोडा खाली बसला. बदलायची गरज नव्हती.

पावसाळ्यानंतर घास पुन्हा कापणीला आला तेव्हा वहिनींनी वहीचं पान फोनवर पाठवलं. खुराकात १८ ऐवजी १६ टक्के चालतील का, असं विचारलं होतं. चौकोनाच्या मध्ये साडेसोळा लिहिलेलं होतं, मका ४४, भुसा २२, सरकी २१, शेंगदाणा पेंड १० आली होती आणि खाली उलट हिशोब होता: १५.९. व्यालेल्या गाईंना घास रोज किमान दहा किलो मिळणार असेल तर चालेल, असं मी कळवलं. आटत आलेल्यांना तर त्याहून कमीतही भागेल, त्यांच्यासाठी वेगळं मांडा.