बंद दाराचे दृश्य

आमच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दरवर्षी शेजाऱ्यांनीच केलेली एक छोटी चित्रफीत दाखवली जात असे, आणि त्या सर्वांमध्ये सणांवरची चित्रफीत माझ्या मनात सर्वांत जवळची राहिली आहे. तिची संहिता मी लिहिली होती. कागदाच्या डाव्या बाजूला पडद्यावर काय दिसेल आणि उजव्या बाजूला काय ऐकू येईल, अशा दोन रकान्यांत चार मिनिटांचा मजकूर मांडला होता.

पहिल्या वाचनाला सगळे जमले, तेव्हा माझी मोठी चूक उघडी पडली. वर्षभरातल्या सणांची यादी करून मी प्रत्येकाखाली हसरे चेहरे आणि 'शुभेच्छा' असे लिहून टाकले होते, आणि त्यात मोहरम व गुड फ्रायडेही होते. चर्चमध्ये गाणाऱ्या काकांनी शांतपणे सांगितले, "गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूच्या स्मरणाचा दिवस आहे, आनंद ईस्टरच्या रविवारी असतो." मोहरमच्या दहाव्या दिवशी इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा, विशेषतः शिया कुटुंबांत, शोक पाळतात, हे चाचींनी समजावले. ती दोन्ही दृश्ये मी वगळली, कारण चित्रफितीचा विषय आनंद होता आणि शोकाला त्यात ओढून आणणे हा अनादरच ठरला असता.

ईदच्या दृश्यावर मात्र आम्ही फार वेळ बसलो. मी डाव्या रकान्यात 'चाचा नमाज पढत आहेत, कॅमेरा जवळ जातो' असे लिहिले होते. चाची म्हणाल्या, "बेटा, नमाज कॅमेऱ्यासाठी पढत नाहीत." त्यावर दिवाळीतल्या पूजेबद्दल आजींनीही तेच म्हटले, आणि संहितेला एक स्पष्ट नियम मिळाला: प्रार्थना खरी असेल तर कॅमेरा बाहेर थांबेल, आणि प्रार्थनेचा अभिनय कोणी करणार नाही. नव्या मसुद्यात आठ सेकंद केवळ एक बंद दार होते. ते उघडल्यावर बाहेर आलेल्या चाचांना वाट पाहणारे शेजारी 'ईद मुबारक' म्हणत आलिंगन देत होते. निवेदकाचे वाक्य मी खोडले आणि प्रत्येक घराला आपल्या सणाबद्दल स्वतःच्या शब्दांत एक वाक्य बोलायला दिले. नको वाटलेली ओळ काढण्याचा अधिकारही त्या त्या घराचाच होता.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने ईद ऋतूंमधून फिरत राहते. म्हणून 'दिवाळीनंतर ईद येते' हे वाक्यही गेले.

संमेलनाच्या रात्री ते बंद दार पडद्यावर आले, तेव्हा समोर बसलेली लहान मुलेसुद्धा आपोआप गप्प झाली, आणि दार उघडताच पहिली टाळी आजींनी वाजवली.