कोयत्याचा बेल्ट ग्राइंडर: अँपिअर बरोबर, तरी मोटर भाजतेय

सांगलीतल्या शेडमध्ये कोयते घासायच्या ग्राइंडरची ही नोंद. मोटर ३ एचपी, ४१५ व्होल्ट, पाटीवर ४.७ अँपिअर आणि इन्सुलेशन क्लास बी. आर, वाय, बी या तीन फेजपैकी बी फेजला क्लॅम्प मीटर लावला की ४.१ दिसतात आणि ओव्हरलोड रिले शांत असतो. तरीही पाऊण तासात बॉडीला हात टेकवत नाही.

बॉडीच्या तापमानावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण आतली वाइंडिंग त्याहून बरीच गरम असते. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, म्हणून वाइंडिंगलाच थर्मामीटर करायचं. मोटर मेन स्विचपासून पूर्ण तोडायची. १२ व्होल्टची बॅटरी १० वॉटच्या गाडीच्या बल्बमधून दोन टर्मिनलांना जोडायची आणि टर्मिनलवरचे व्होल्ट भागिले अँपिअर करायचे. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर पिनांचाच रेझिस्टन्स मिसळतो, म्हणून हा खटाटोप. काढताना आधी व्होल्ट मीटरच्या पिना, मग बॅटरी, नाहीतर कॉइलचा झटका मीटरला बसतो. गरम रीडिंग मोटर थांबल्यावर मिनिटभरात घ्यायला हवं.

थंड असताना ३४ अंशांना ५.२० ओहम, गरम झाल्यावर ७.१० ओहम. हिशोब असा: (७.१० ÷ ५.२०) × (२३५ + ३४) − २३५ = १३२ अंश; २३५ हा तांब्याचा ठरलेला आकडा. या पद्धतीने मोजल्यावर क्लास बीची हद्द ४० अंशांच्या हवेत १२० आहे. म्हणजे अँपिअर बरोबर दिसत असताना मोटर हद्दीबाहेर गेली होती.

पहिला संशय खोक्यावर. पोलादाची धूळ मोटरवर बसू नये म्हणून तिच्याभोवती प्लायचं खोकं आहे. फॅन कव्हरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर ५८ अंश, शेडमध्ये ३६. फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. आत येणारी हवा २२ अंशांनी तापली की वाइंडिंगही साधारण तेवढीच वर जाते; क्लॅम्प मीटरला यातलं काहीच कळत नाही. खोक्याची मागची बाजू काढली, फॅन कव्हरच्या जाळीवरचा आणि फिन्समधला बुरा ब्रशने झाडला. धुळीसाठी आता फक्त बेल्टच्या बाजूला आडवा पत्रा आहे. त्याच कामावर रीडिंग ६.६५ ओहम, म्हणजे १०९ अंश.

मग तिन्ही फेज मोजले, आणि खरी गंमत इथे आहे. कोयत्याला पाणी द्यायची ३ किलोवॉटची भट्टी बी फेजवर आहे आणि सर्व्हिस वायर लांब. भट्टी पूर्ण ओढत असताना मोटरच्या टर्मिनलवर आर-वाय ४१६, वाय-बी ४०४, बी-आर ४०४ व्होल्ट. सरासरी ४०८, सगळ्यात मोठा फरक ८, म्हणजे सुमारे २ टक्के असमतोल. मोटरचे अँपिअर मात्र आर ४.९, वाय ४.५, बी ४.१. व्होल्टच्या २ टक्क्यांचे अँपिअरमध्ये ९ टक्के झाले. लोड बी वर आणि करंट वाढला आरमध्ये! खाली आलेल्या फेजला मीटर लावून बसलं तर सगळं आलबेल दिसतं. रिले ५ वर लावलेला, त्यामुळे तोही गप्प.

आरमध्ये उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त. शिवाय असमतोलामुळे उलट फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते रोटरच्या पट्ट्या तापवतं. ती उष्णता बाहेर जाते ती वाइंडिंगला भाजूनच.

दोष सप्लायचा की वाइंडिंगचा, याची खात्री मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवून होते. फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त करंट आर फेजवरच राहिला, वायरीबरोबर सरकला नाही. म्हणजे वाइंडिंग ठीक. भट्टीचा कंट्रोलर ती चालू-बंद करत असल्याने रीडिंग तिचा दिवा लागलेला असतानाच घ्यावं.

भट्टी बंद ठेवून त्याच कामावर ६.५६ ओहम, १०४ अंश आले. तिला दुसऱ्या फेजवर नेऊन उपयोग नाही, असमतोल फक्त जागा बदलेल. तिच्यात १ किलोवॉटची तीन एलिमेंट स्टारमध्ये घालायची आहेत. तोवर भट्टी आणि ग्राइंडर आळीपाळीने.

हार्मोनिक्सचा, म्हणजे सप्लायची लहर वाकडी होण्याचा संशय सध्या बाजूला ठेवला आहे, कारण या लाइनवर मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह नाही आणि भट्टी चालू-बंद करणारा एसएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लहर कापत नाही. पुढे ड्राइव्ह बसवला तर दोन गोष्टी बदलतील. वाकड्यातिकड्या लहरीवर साधा क्लॅम्प मीटर कमी अँपिअर दाखवू शकतो, तेव्हा ट्रू आरएमएस मीटर हवा. आणि २५ हर्ट्झवर शाफ्टवरचा फॅन निम्म्या वेगाने फिरेल, करंट मात्र तेवढाच राहू शकेल. त्या वेगावर जास्त वेळ घासायचं असेल तर मोटरच्या मागे वेगळ्या सप्लायचा फॅन आधी बसवायचा, ड्राइव्ह नंतर.