अडीचशे रुपये बोलून दाखवताना

अकोले तालुक्यातल्या एका बचत गटासाठी हिशेबाचं अ‍ॅप करताना मी पहिल्या बैठकीला चकचकीत आराखडा घेऊन गेले. घराचं चिन्ह दाबलं की पहिल्या पानावर यायचं, असं मी धरलं होतं. एका मावशींनी ते पाहून विचारलं, "हे घर बांधायच्या कर्जाचं का?" त्यांचं बरोबर होतं. मी ते चिन्ह काढलं आणि पहिलं पान म्हणून गटातल्या बारा जणींचे फोटोच ठेवले. फोटो दाबला की तिचं खातं उघडतं.

रक्कम भरायला अंकांऐवजी नोटांची चित्रं ठेवली. अक्षरं येत नसली तरी नोटा सगळ्याच ओळखतात. पिवळी दोनशेची आणि निळी पन्नासची दाबली की अडीचशे. अडचण शंभराची झाली: नवी नोट जांभळट, जुनी निळसर. जुनी हातात असलेल्या एकीनं निळी म्हणून पन्नासची दाबली. मग शंभराच्या जागी दोन्ही नोटा शेजारी-शेजारी दाखवल्या.

आवाजाचं काम सगळ्यात जास्त चाललं. मराठीत एकोणसत्तर, त्र्याहत्तर असे आकडे तुकडे जोडून नीट होत नाहीत, म्हणून एक ते नव्व्याण्णव हे सगळे आकडे त्याच गावातल्या एका ताईंच्या आवाजात वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले. तरी "दोनशे पन्नास" ऐकून बायका थबकायच्या. त्या अडीचशे म्हणतात. दीडशे, अडीचशे, दीड हजार, अडीच हजार स्वतंत्र मुद्रित केले, तेव्हा ऐकणाऱ्या माना डोलवू लागल्या.

पण मोठ्यानं बोलणं सगळीकडे चालत नाही. जमा झालेली रक्कम सगळ्यांनी ऐकली की भरवसा वाढतो. एकीचा थकलेला हप्ता मात्र फोननं भर बैठकीत पुकारला आणि ती बाई उठून बाहेर गेली. ते मला फार लागलं. आता थकबाकी फोन कानाला लावल्यावरच ऐकू येते. कान जवळ आला हे सेन्सरला कळतं.

चूक झाली तर? आधी मी दरवेळी "नक्की का?" विचारत होते. चार-पाच नोंदींनंतर त्या न ऐकताच हिरवं बटण दाबू लागल्या, म्हणजे तो प्रश्न फुकटच. तो काढून टाकला. आता नोंद लगेच होते, बोलून दाखवली जाते, आणि बैठक संपेपर्यंत शेजारचं खोडरबर दाबून ती पुसता येते. मागे जायचं बटण दाबून अ‍ॅप बंद झालं की "पैसे गेले" म्हणून घाबरायच्या. म्हणून प्रत्येक नोट दाबताच आकडा जपून ठेवला. पुन्हा उघडल्यावर तोच फोटो समोर येतो आणि ताईंचा आवाज म्हणतो, "इथंच थांबलो होतो, दोनशे झालेत."

फोन जोरात आणि वेळ लावून दाबायची सवय अजून आहे. म्हणून दाबून धरल्यावर वेगळं काही घडेल असं एकही बटण मी ठेवलेलं नाही.