शाई की टोनर, याचा हिशोब

रविवार, रात्र

टिळक रोडवरच्या दुकानातून आणलेली प्रिंटरची दोन्ही कोटेशन्स टेबलावर पडून आहेत. इंक टँक आणि ब्लॅक अँड व्हाइट लेझर, किंमत जवळपास सारखीच. म्हणजे निर्णय किमतीवर होणार नाही.

आधी पानांचा हिशोब मांडला. रिटर्न भरणं ऑनलाइन झालं तरी वर्षाकाठी साधारण साडेतीन हजार पानं निघतात: कॉम्प्युटेशन, ताळेबंद, बँकेच्या कर्जाच्या फायली. रंगीत पानं शंभरसुद्धा नसतील. इंक टँकची काळी शाई पानाला दहा पैशांच्या आसपास पडते, म्हणजे वर्षाचे साडेतीनशे रुपये. लेझरचा कंपनीचा टोनर घेतला तर पान दीड रुपयाला, म्हणजे सव्वापाच हजार. रिफिल करून घेतला तर चाळीस पैसे धरूया, चौदाशे रुपये. (हे सगळे आकडे पानाचा पाच टक्के भाग छापलेला असेल असं धरून. आमचे ताळेबंद त्याहून भरगच्च असतात, त्यामुळे दोन्हीकडे खर्च वाढेल.) कागदावर इंक टँक सरळसरळ जिंकतो.

पण माझी साडेतीन हजार पानं वर्षभर सारखी निघत नाहीत. जून-जुलैत धो धो, सप्टेंबरात ऑडिटची गर्दी, मग दिवाळीनंतर कित्येक आठवडे प्रिंटरला हातही लागत नाही. हिवाळ्यात लेकीकडे नाशिकला गेले की घरच बंद.

इंक टँकचं दुखणं नेमकं इथे आहे. कागदावर शाई फवारणाऱ्या हेडमधली छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात. वापर थांबला की त्यांच्या तोंडाशी शाई सुकते. मग नोझल चेकच्या पानावर रेघा तुटक दिसतात, बहुतेक वेळा एखाद्याच रंगाच्या, कारण तो रंग कधी वापरलेलाच नसतो. त्यावर उपाय हेड क्लीनिंग. ते केलं की शाई हेडमधून ओढून आतल्या पॅडवर टाकली जाते. म्हणजे स्वस्त शाई छापण्याऐवजी गटारात जाते, आणि पॅड भरलं की प्रिंटर संदेश दाखवून बंद पडतो. काही मॉडेलमध्ये ते पॅड घरी बदलता येतं, बाकीच्यांसाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. क्लीनिंगनेही भागलं नाही तर हेड बदला. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी गप्पच बसले.

दिराचा क्लास आहे सिंहगड रोडला. त्याचा इंक टँक वर्षानुवर्षं ठणठणीत चाललाय. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, मी रोज नोट्स काढतो. सुट्टीतही आठवड्यातून एक रंगीत पान काढतोच. आणि भिंतीवरचं बटण आधी बंद करायचं नाही, प्रिंटरचंच बटण दाबायचं, म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर झाकण बसतं." त्याच्यासाठी इंक टँकच बरोबर, यात शंका नाही. पण मी नाशिकहून पान कसं काढणार?

टोनर म्हणजे प्लॅस्टिकची कोरडी भुकटी, ती सुकायचा प्रश्नच नाही. दोन महिन्यांनी बटण दाबलं तरी पहिलंच पान स्वच्छ येतं. शिवाय ती कागदावर वितळून चिकटते, त्यामुळे पावसात भिजलेल्या फाइलवर अक्षर फुटत नाही आणि हायलायटरने पसरत नाही. त्यासाठी आतला फ्यूझर दोनशे अंशांच्या जवळपास तापतो, आणि लेझरचा त्रास यातच आहे. तापताना तो क्षणभर हजार वॉटच्या आसपास ओढू शकतो. माझा छोटा यूपीएस तीन-साडेतीनशे वॉटचा. त्यावर लेझर जोडला की यूपीएस ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटरही बंद पडणार. म्हणून तो थेट भिंतीवरच्या सॉकेटलाच. गुरुवारी महावितरणची कामं निघाली की लाइट येईपर्यंत छपाई बंद, हे मान्य करूनच घ्यायचा. पावसाळ्यात कागद दमट झाला की लेझरमध्ये तो वळतो, अडकतो. रिम उघडी न ठेवता डब्यात ठेवावी लागेल.

लेझरच घ्यायचा. शंभर रंगीत पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढून घेईन. रिफिलचा टोनर धरला तर वर्षाला साधारण हजार रुपये जास्त जातील, ते मला परवडतात.

उद्या दुकानात दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. टोनर कागदावर उतरवणारा ड्रम टोनरसोबतच येतो की वेगळा, आणि वेगळा असेल तर किती पानांनी बदलावा लागतो. दुसरं, खोक्यात येतो तो टोनर पूर्ण भरलेला असतो की कमी भरलेला स्टार्टर. स्टार्टर असेल तर जुलैच्या आधीच दुसरा घेऊन ठेवावा लागेल.